दर गुरुवारी एकशे एकोणपन्नास

रत्नागिरीत आमच्या हॉस्टेलसमोर वडापावची एक गाडी लागायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथे एका गुरुवारी माझी जी शोभा झाली, ती आठवली की अजून हसू येतं. सकाळी मी खात्यात बघितलं होतं, एकशे साठ रुपये होते. म्हणून संध्याकाळी मोठ्या ऐटीत रूममेटला म्हटलं, "आज माझ्याकडून!" दोन वडापाव, दोन चहा. स्कॅन केलं, पिन टाकला, तर मोबाइल सांगतो की खात्यात पुरेशी शिल्लक नाही. बघतो तर अकरा रुपये! गाडीवाले मामा झारा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी रूममेटनं पैसे दिले, आणि खोलीवर पोचेपर्यंत तो "आज माझ्याकडून, आज माझ्याकडून" करत मला चिडवत होता.

हा रूममेट दाभोळच्या खाडीकाठचा. वडील जहाजावर, घरात तीन बहिणी, त्यामुळे टोमणे मारायची कला जन्मापासून शिकलेला. मी देवरूखच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाडीतला. माझे बाबा मुंबईत एका कंपनीत. ते पैसे आयेच्या खात्यात पाठवायचे आणि आये एक तारखेला माझा खर्च मला पाठवायची. मेसचे पैसे वेगळे भरलेले असायचे, हातखर्चाला दोन हजार. पहिल्या वर्षी त्यात महिना निघायचा, वर एखादा सिनेमाही व्हायचा. आणि आता वीस तारखेलाच ठणठण गोपाळ! दोन महिने मी समजत होतो की महागाई वाढली.

"हॅक झालंय तुझं खातं," रूममेट म्हणाला. मला ते लगेच पटलं. उधळ्या असण्यापेक्षा हॅक झालेला असणं केव्हाही बरं. मी ताबडतोब यूपीआयचा पिन बदलला आणि मग दोनशे रुपये मागायला आयेला फोन लावला.

मी "आये, जरा..." म्हणतो न म्हणतो तोच तिकडून भडका उडाला. "मेल्या, अजून पैसं? माझ्या खात्यातनं घेतोस ते पुरत न्हाईत?"

मला काही कळेना. आये म्हणाली, तिच्याही खात्यातले पैसे मधून मधून कमी होतात. तिचं यूपीआय मीच चालू करून दिलं होतं, पिनही मीच ठेवला होता, माझ्याच जन्मसालाचा. म्हणजे चोर कोण ते तिच्या लेखी ठरलेलं होतं. मी शपथा घेतल्या. पण आयेसमोर शपथ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"पुढच्या शुक्रवारी मी येतंय. खरा काय ता सांग, न्हाईतर सामान बांध. घरून एसटीनं जा-ये कर. मग बघते कुठं उधळतोस," असं म्हणून तिनं फोन ठेवला. रागावली तरी दोनशे रुपये मात्र पाच मिनिटांत आले. आये ती आये.

ही धमकी पोकळ नव्हती. आमच्या वाडीतून वस्तीची गाडी पहाटे अंधारात निघते. देवरूखला गाडी बदलायची, संगमेश्वरावरून हायवे धरायचा, आणि रत्नागिरीत पोचेपर्यंत पहिला तास उडालेला. परतीला घरी दिवेलागण. आमच्या वाडीतल्या एकानं असं एक वर्ष काढलं आणि दुसऱ्या वर्षी कॉलेजच सोडलं. मला हॉस्टेल सोडायचं नव्हतं. तिथली लायब्ररी, संध्याकाळचं क्रिकेट, हा खाडीवाला टोमणेबाज, सगळं मला जिवापाड आवडायचं. शुक्रवारपर्यंत पैसे कुठे जातात ते शोधलं नाही, तर ते सगळं संपणार होतं.

पुढचा गुरुवार आला. दुपारी खातं उघडून बघितलं, तर एकशे एकोणपन्नास वजा. पिन बदलूनसुद्धा! मी तर हादरलोच. रूममेटनं माझा मोबाइल हिसकावला आणि यूपीआयचे मागचे सगळे व्यवहार खाली खाली सरकवत नेले.

"अरे, हे बघ. गुरुवार. हापण गुरुवार. हापण! तुझ्या पैशानं कुणीतरी गुरुवारचा उपास धरलाय."

दर गुरुवारी एकशे एकोणपन्नास, एकाच कंपनीला. त्या कंपनीचं नाव मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. एका गुरुवारचा व्यवहार फेल झालेला दिसत होता, कारण तेव्हा खातं रिकामं होतं. मग आयेचे पैसे आल्याबरोबर तो बरोब्बर कापला होता. काय चिकाटी!

ह्या सगळ्याच्या मुळाशी, पहिल्या गुरुवारी, त्याच कंपनीला गेलेला फक्त एक रुपया होता. तो बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिमगा!

शिमग्याला आमच्या वाडीत ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, आणि मुंबईचे चाकरमानी काय वाट्टेल ते करून गावी पोचतात. त्यांच्या स्वागताचा बॅनर लागतो, त्यावर वाडीतल्या झाडून सगळ्या पोरांचे चेहरे हवेत, एकही राहिला तर वर्षभर अबोला. तो बॅनर करायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी मी एक फोटो जोडायचं अ‍ॅप घेतलं. पहिला आठवडा एका रुपयात. बॅनर झाला, मी अ‍ॅप काढून टाकलं आणि विषय संपला असं धरून चाललो.

"अ‍ॅपच नाही मोबाइलमध्ये, तर पैसे कसे घेतील?" मी विचारलं.

"भाडेकरू पळाला म्हणून भाडंचिठ्ठी फाटते काय?" रूममेट म्हणाला.

आधी आम्ही अ‍ॅप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये बघितलं. तिथे काहीच नव्हतं, कारण त्या अ‍ॅपनं पैसे स्टोअरमार्फत घेतलेच नव्हते, थेट यूपीआयवर घेतले होते. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये माझ्या प्रोफाइलवर गेलो. तिथे खाली 'ऑटोपे' असं लिहिलेलं होतं. इतके दिवस ते मी कधी उघडलंच नव्हतं. उघडलं, तर आत महाशय बसलेले! दर आठवड्याला, एकशे एकोणपन्नासपर्यंत, आणि मुदत इतक्या लांबची की तोवर माझ्या पोरांची लग्नं झाली असती.

मग सगळा उलगडा झाला. एक रुपया देताना मी जो पिन टाकला, तो नुसता एका रुपयाचा नव्हता. त्या पिननं मी दर आठवड्याला पैसे कापायची परवानगी दिली होती. बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असणार, पण माझं लक्ष बॅनरवरच्या चेहऱ्यांकडे. परवानगी एकदा दिली की एवढ्या रकमेला पुन्हा पिन विचारत नाहीत, म्हणून पिन बदलूनही उपयोग झाला नाही. कापायच्या आदल्या दिवशी सूचना येते, तीसुद्धा येत होती. पण ऑफरांच्या कटकटीला वैतागून यूपीआयच्या सगळ्या सूचना मीच बंद केल्या होत्या. दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना, भारी वैताग आला.

तिथे दोन बटणं होती, 'थांबवा' आणि 'रद्द करा'. माझं बोट 'थांबवा'वर गेलं तसा रूममेट ओरडला, "अरे, ते नुसतं झोपवतं! परत उठेल!" मी 'रद्द करा' दाबलं, पिन टाकला आणि समोर 'रद्द झालं' असं आलं. आम्ही दोघं कॉटवर उभे राहून नाचलो. मग त्या 'रद्द झालं'चा फोटो काढून ठेवला आणि कंपनीला मेल टाकला, पैसे परत करा म्हणून. त्यांनी फक्त शेवटच्या आठवड्याचे परत केले, तेही बऱ्याच दिवसांनी.

शुक्रवारी आये आली. काखेत पिशवी, पिशवीत ओल्या काजूगरांची उसळ आणि घावणे, आणि चेहऱ्यावर जमदग्नी. वॉर्डनच्या ऑफिसकडेच निघाली होती. मी तिला कशीबशी बाकावर बसवलं आणि मोबाइल दाखवत सगळं सांगितलं. एक रुपया, परवानगी, गुरुवार, सगळं. ती ऐकत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलला. राग गेला आणि चोरी पकडली गेल्यावर पोरं करतात तसं तोंड झालं.

मग पदराआडून तिनं स्वतःचा मोबाइल काढला. "ह्याच्यातपण बघ जरा."

ऑटोपे उघडलं. तीच कंपनी. तेच एकशे एकोणपन्नास!

"आये, तू कुठला फोटो जोडलास?"

"तूच तर वाडीच्या ग्रुपवर टाकला होतास, एका रुपयात हुता म्हणून," ती पुटपुटली. "बाजूच्या चेडवाकडनं करून घेतला, त्या पोरीला मोबाइलातला सगळा येता."

मी पोट धरून हसलो. माझा चोरीचा आळ गेला, हॉस्टेल वाचलं, आणि आम्ही मायलेक एकाच खड्ड्यात पडलो होतो. "आण, बंद करून टाकतो," म्हणून मी हात पुढे केला, तर तिनं मोबाइल छातीशी धरला.

"नको. जाऊ देत पैसं."

"आये, दर आठवड्याला जातील!"

"बंद केला तर फोटो जाईल ना?"

त्या वर्षी बाबांना सुट्टी मिळाली नव्हती. नवीन कंपनी, शिमगा म्हटलं तर साहेबाला कळेना. पालखी दारात आली तेव्हा आयेनं एकटीनंच ओटी भरली होती. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. अंगणात पालखी, पालखीसमोर नव्या लुगड्यातली आये, आणि तिच्या बाजूला बाबा. बाबांचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, कोट घातलेला, आणि ते जमिनीपासून वीतभर वर उभे होते. पण दोघं एकत्र होते. माझं हसू पळालं.

"फोटो कुठं जात नाही गो आये. तो तुझ्या गॅलरीत आहे. हा बघ, मी माझ्याकडेपण घेतला." मी तिच्या डोळ्यांदेखत फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला. तेव्हा कुठे तिनं मोबाइल हातात दिला. रद्द केलं, माझ्या जन्मसालाचा पिन तिनंच टाकला. मग लगेच गॅलरी उघडून फोटो आहे ना ते तिनं दोनदा बघितलं.

सामान बांधायची गोष्ट परत निघाली नाही. उसळीचा डबा रूममेटनं चाटून पुसून साफ केला, आणि त्याला आग्रहानं वाढता वाढता आये म्हणाली, "ह्याच्याकडं लक्ष ठेव रे बाबा, ह्याला कायपण कळत न्हाय." तो मान डोलवून म्हणाला, "ठेवतो मावशी. रोज नाही जमलं तर गुरुवारी नक्की."

पुढच्या शिमग्याला बाबा आले. पालखी दारात आली, दोघांनी मिळून ओटी भरली, आणि मी त्यांचा खराखुरा फोटो काढला. फुकट! बाबांचे डोळे मिटलेले आले, पण फोटो झकास होता. मी तो आयेच्या मोबाइलच्या स्क्रीनवर जुन्या फोटोच्या जागी लावून द्यायला गेलो, तर तिनं मला थांबवलं. जमिनीपासून वीतभर वर उभ्या असलेल्या बाबांकडे बघत ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे हाच. नव्यात डोळे तरी कुठं उघडेयत? आणि हा किती महाग पडलाय, म्हायत्येय ना?"