माझं साधं पान आणि त्याचं लाल पान

गोव्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या पेडण्याच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने एक पुस्तिका काढायची ठरवली. तालुक्यात कोण काय काम करतो याची. वायरमन, सुतार, मंडपवाला, आणि शेवटी आम्ही टॅक्सवाले. प्रत्येकाने स्वतःची एक पानभर ओळख लिहून द्यायची. मी जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर माडीवर माझं ऑफिस आहे. जिना असा अरुंद आहे की चढून येणारा माणूस खरंच गरजू असतो, उगाच चौकशीला कोणी येत नाही.

मी पान लिहायला बसले तेव्हा माझ्यासमोर डिचोलीच्या एका सल्लागाराचं पान होतं. मंडळाने ते नमुना म्हणून सगळ्यांना पाठवलं होतं. काय तो नमुना! वर कोट घातलेला फोटो, खाली लाल अक्षरं. 'नोटीस आली तर काय कराल? ग्राहक महाराष्ट्रातला आहे? सावधान! एक चूक, आणि दंड! तुरुंग! आजच संपर्क साधा.' उद्गारचिन्हं इतकी, की मोजायचा कंटाळा आला. टॅक्सबद्दल मात्र त्या पानावर एक ओळ नव्हती. रिटर्न कधी भरायचं, कोणी भरायचं, कोणी नाही, याचा पत्ता नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हा माणूस फॉर्म भरून देत नाही, भीती भरून देतो, आणि त्याची फी घेतो. मला या जातीच्या लोकांची किळस येते, हे मी लपवत नाही.

मी माझं पान साधं लिहिलं. तुम्ही फक्त माल विकता, तोही गोव्यातच, आणि वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत आहे, तर बहुतेक वेळा तुम्हाला जीएसटी नंबर लागत नाही. सेवा देत असाल तर ही मर्यादा वीस लाखांची. माल सीमेपलीकडे पाठवत असाल, पलीकडे जाऊन विकत असाल किंवा ऑनलाइन विकत असाल, तर मर्यादा धरून बसू नका, आधी विचारा. काजूबिया विकणाऱ्या शेतकऱ्याला नंबर लागत नाही. त्या बियांवरचा टॅक्स, विकत घेणारा नंबरवाला व्यापारी भरतो. नंबर घेतलात तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं, आणि उशीर झाला तर दिवसागणिक लेट फी चढते, म्हणून गरज नसताना नंबर घेऊ नका. नोटीस म्हणजे पत्र. त्यात काय विचारलंय आणि उत्तर कधीपर्यंत द्यायचं ते लिहिलेलं असतं. आम्ही तुमची बिलं बघू, रिटर्न भरण्याआधी ते तुम्हाला दाखवू, भरल्याची पोच तुमच्या हातात देऊ. पासवर्ड तुमचा, तो तुमच्याकडेच राहील.

मंडळाचे अध्यक्ष स्वतः जिना चढून आले. सिमेंटचा धंदा करणारा गृहस्थ. रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी बिलांची पिशवी आणून टेबलावर ओतणारा.

"मॅडम, हें वाचून कोण येतलो? गिरायकाक मात्शें भंय दिसपाक जाय."

"भय कशाला? कामाची माहिती आहे ना त्यात."

"नंबर लागना, नंबर लागना, हेंच बरयलां तुमी. आपल्याच पोटार पांय."

मी म्हटलं, ज्याला आजार नाही त्याला डॉक्टरने इंजेक्शन देऊ नये. त्यांना ते पटलं नाही. जाताना म्हणाले की डिचोलीच्या पानाचे फोटो काढून लोक एकमेकांना पाठवतात, तुमचं पान कोण पाठवणार? मला असा राग आला की पंखा मोठा केला. लोकांना घाबरवून घ्यायला आवडतं आणि घाबरवणाऱ्याला मोठा समजायला आवडतं, असं माझं तेव्हा ठाम मत झालं होतं.

पुस्तिका छापून आली. माझं पान आत, त्याचं पान जाहिरात म्हणून मागच्या कव्हरवर.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी कोरगावहून एक बाई आली. खाजं करून विकणारी. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, गुळाच्या पाकात आलं घालून घोळलेल्या. आमच्याकडे जत्रेतून खाजं घेतल्याशिवाय कोणी घरी येत नाही. ही बाई नवरा गेल्यापासून जत्राच करते. खुर्चीवर न बसता ती म्हणाली, "बाय, माका नंबर काडून दी. नायतर मी खाजां बंद करतंय."

विक्री विचारली तर चाळीस लाखांच्या आसपासही नाही, दूरदूरपर्यंत नाही. पलीकडच्या जत्रा ती करत नाही, एकटीला सामान न्यायला जमत नाही. मी म्हटलं, तुला नंबर लागत नाही, कोणी सांगितलं तुला?

तिने पिशवीतून ते लाल पान काढलं. कव्हर फाडून, घडी घालून आणलं होतं. "ह्यात लिवलेलां असा. महाराष्ट्राचो गिरायक इलो तर जेल."

आणि मग तिने काय केलं ते ऐकून मला हसू आलं, आणि त्याहून जास्त चीड आली. गावच्या जत्रेत ही बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला गाव विचारत होती! तुयें म्हणाला तर खाजं, चोपडें म्हणाला तर खाजं, पलीकडचं सातार्डा म्हणाला तर नाही. आमच्या तालुक्यातल्या जत्रेत अर्धी माणसं नदीपलीकडची, महाराष्ट्रातली असतात, सगळ्यांच्या सोयरिकी तिकडे. लोक तिला वेडी समजून पुढच्या दुकानावर गेले.

"आनी भाव इलो," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसली.

तिचं माहेर आरोंद्याला. भाऊ तिथे चहाचं दुकान चालवतो. नवरा गेल्यावर तिने पहिल्यांदा खाज्याचा ठेला मांडला, त्या जत्रेपासून एक रीत पडलेली. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, भावाच्या हातची. तो येणार, नोट पुढे करणार, तिने ती कपाळाला लावायची, मगच बाकीच्यांना खाजं. या वर्षी त्याने नोट पुढे केली आणि हिने हात मागे घेतला. आरोंदा म्हणजे महाराष्ट्र. विकलं तर जेल. तिने पुडी बांधून तशीच त्याच्या हातात कोंबली, पैसे नको, कायदा आहे म्हणाली. त्याने पुडी फळीवर ठेवली आणि निघून गेला. जत्रेत, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर फोन उचलत नाही. चतुर्थीला आला नाही.

मी तिला फैलावर घेतलं. एवढी हुशार बाई, गुळाचा पाक बोटावर ओळखणारी, एका उद्गारचिन्हाला घाबरतेस? तुझ्या ठेल्यावर उभं राहून जो हातात पुडी घेतो, त्याची विक्री गोव्यातच झाली. तो आरोंद्याचा असो की आग्र्याचा. पलीकडे तू माल पाठवलास तर वेगळी गोष्ट. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा. मी बरंच बोलले. बोलायला मला चांगलं जमतं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ह्यां भावाक कशां सांगू?"

मी माझं पान काढून दिलं. खाली पेनाने एक ओळ जास्त लिहिली, ठेल्यावर येऊन घेणाऱ्याला गाव विचारायची गरज नाही, अशी. सही केली, शिक्का मारला. म्हटलं, हे दाखव त्याला, नीट समजेल. मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

आठवडाभरात ती परत आली, आधीपेक्षा वाईट तोंड करून. आरोंद्याला जाऊन आली होती. भावाने माझं पान सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आणि म्हणाला, "म्हणजे कायदो नाय होतो. मगे माझी भवानी कित्याक घेतलंस नाय?"

तोवर तो निदान म्हणू शकत होता की सरकारने बहिणीचे हात बांधलेत. माझ्या स्वच्छ, सोप्या, शिक्का मारलेल्या पानाने तीही सोय काढून घेतली. कायद्याने अडवलं नव्हतं, म्हणजे तिनेच अडवलं. सरळ हिशेब. माझ्या पानात चूक एकही नव्हती, आणि ती समोर बसून पदराने नाक पुसत होती. मला संताप आला, आणि या वेळी तो एकट्या डिचोलीवाल्यावर नव्हता. भाऊबहिणीच्या मध्ये शिक्का मारायला मला कोणी सांगितलं होतं?

त्यानंतर काही दिवसांनी एक माणूस जिना चढून आला. पांढरा शर्ट, हाताला चहाच्या दुधाचा वास. आरोंद्याहून आलोय म्हणाला, आणि चहाच्या दुकानाला नंबर लागतो का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुमचं दुकान महाराष्ट्रात, तुमची विक्री सांगा, बघू. त्याने विक्री सांगितली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. मग म्हणाला, "माझ्या भयणीक त्या लाल पानवाल्यान काय लिवन दिल्यान होता, तां माका दाखव."

मी आधी नाही म्हटलं. तो कचरा माझ्या ऑफिसातून कोणाच्या हातात द्यायची मला लाज वाटत होती. पण तिने फाडून आणलेलं कव्हर माझ्या ड्रॉवरमध्येच राहिलं होतं. दिलं.

तो वाचू लागला. ओठ हलवत, एकेक लाल ओळ. 'ग्राहक महाराष्ट्रातला आहे?' या ओळीवर थांबला. पुढे गेला, परत मागे आला. मी त्याचा चेहरा बघत होते. चांगला उभा-आडवा माणूस, रोज पन्नास गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारा, पण वाचता वाचता त्याचा कान लाल झाला. पान खाली ठेवून त्याने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

"ह्यां वाचून मी पण इकलंय नसतंय," तो म्हणाला. "तिना माका फुकट तरी दिल्यान. मी कोणाक फुकटसुद्धा दिलंय नसतंय."

माझं पान टेबलावरच होतं, सोप्या भाषेतलं. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते लाल पान मात्र पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं, कोरगावला जायचंय म्हणाला, आणि उठला. जगात ज्या कागदाची मला सगळ्यात जास्त घाण वाटते, तो घेऊन तो बहिणीकडे चालला होता, आणि मी त्याला अडवू शकत नव्हते. अडवायचंही नव्हतं.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो थांबला आणि मान वर करून हळू आवाजात म्हणाला, "पण बाय, जेल-बिल खरांच नाय मां?"

मी नाही म्हटलं. तो मान हलवून आणखी एक पायरी उतरला, आणि पुन्हा वर बघून त्याने तेच विचारलं.