लुकलुकणारं प्रश्नचिन्ह आणि नवरीचे मामा

भोकरदनला आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नात फोटो आणि शूटिंग आमचे हे करतात, आणि घरी आणलेल्या त्या ढिगातून लग्नाचा व्हिडिओ मी तयार करते. म्हणजे नवरीची आत्या कॅमेऱ्यासमोर तोंडात जिलेबी घेऊन बोलत असेल तर ती कापायची, आणि नवरदेव घोड्यावरून उतरताना धडपडला असेल तर त्याच्या घरच्यांना विचारून मग कापायची. हे सगळं मी एका जुन्या मॅकवर करते. तो आम्ही संभाजीनगरहून सेकंडहँड आणला. आणला तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. ते कुंकू अजून त्याच्या कडेच्या फटीत आहे.

त्या दिवशी सकाळी मी घरचं आवरून दुकानात आले. सासरे आधीच येऊन बसले होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांना दुकानात बसायला फार आवडतं, कारण गिऱ्हाइकाशी बोलायला मिळतं.

"धावड्याच्या लग्नाचं पेनड्राइव्ह घेऊन गेले ते," आबा म्हणाले. "नवरीचे मामा आल्ते, पिंपळगावचे. चहा पाजला."

"बरं झालं," मी म्हटलं आणि मॅकचं बटण दाबलं.

टण्ण असा त्याचा नेहमीचा आवाज झाला. पडदा राखाडी झाला. आता कंपनीचं सफरचंद येईल म्हणून मी कुंकवाची फट पुसत उभी राहिले. सफरचंद आलं नाही. पडद्याच्या मधोमध एक फोल्डर आला आणि त्याच्या पोटात प्रश्नचिन्ह. दिसायचं, जायचं. दिसायचं, जायचं.

मी बंद करून परत चालू केला. परत तेच.

शेजारी टेलरिंगचं दुकान असलेले चाचा तेवढ्यात सुई मागायला आले होते. खरं म्हणजे त्यांच्याकडे सुया आमच्यापेक्षा जास्त, पण आबांच्या चहाची वेळ त्यांना बराबर माहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडदा निरखला.

"बेटी, ये तो कुछ पूछ रहा है."

"काय विचारून राह्यलंय?" आबांनी खुर्ची पुढे ओढली.

"वो तो नहीं लिखा. बस निशान डाल दिया."

"मंग अर्धवट कसं विचारतंय? नीट विचार म्हणावं," आबा म्हणाले आणि खरोखरच मॅककडे बघून मोठ्यानं बोलले, "काय पाहिजे?"

प्रश्नचिन्ह लुकलुकत राहिलं.

आमचे हे शूटिंगचं सामान ठेवायला आले ते या सभेत सामील झाले. दोन-तीन व्हिडिओ मोबाइलवर बघून त्यांना सगळं समजलं. असं त्यांचं म्हणणं होतं. मॅक सुरू होताना ऑप्शन, कमांड, पी आणि आर अशी चार बटणं एकदम दाबून धरायची, म्हणजे त्याच्या डोक्यातल्या जुन्या सेटिंग पुसल्या जातात. आता ही चार बटणं एका माणसाला जमतात, पण आमच्या यांना एकट्यानं काही करायचं म्हणजे अपमान वाटतो. त्यांनी दोन बटणं मला दिली, दोन स्वतः धरली. चाचांनी पॉवरचं बटण दाबलं. आम्ही नवराबायको कीबोर्डवर वाकून, डोक्याला डोकं लावून उभे. दारातून एक बाई पासपोर्ट फोटोसाठी आत आली आणि आम्हाला बघून तशीच मागं फिरली.

"सोडू नको, सोडू नको. दुसऱ्यांदा टण्ण झालं पायजे."

दुसऱ्यांदा टण्ण झालं. आम्ही बोटं उचलली. प्रश्नचिन्ह हजर.

मग नुसतं ऑप्शनचं बटण दाबून मॅक चालू केला. असं केलं की ज्या ज्या डिस्कवरून मॅक सुरू होऊ शकतो त्यांची चित्रं समोर येतात, आणि आपण एक निवडायची. आमच्याकडे एकही चित्र आलं नाही. फक्त वायफाय निवडा म्हणून एक चौकोन आला.

मॅकमध्ये माझी तीन लग्नं अर्धी होती. एका लग्नात तर मी नुकतीच, नको त्या वेळी आलेली जनरेटरची घरघर मोठ्या मेहनतीनं काढली होती. मी संभाजीनगरच्या त्या दुरुस्तीवाल्या दादांना फोन लावला, ज्यांच्याकडून मॅक घेतला होता. त्यांचा आवाज नेहमी झोपेतून उठल्यासारखा असतो, त्यामुळे उगाच धीर येतो.

"ताई, प्रश्नचिन्ह म्हणजे त्याला सुरू व्हायला लागणारी डिस्क सापडून राह्यली न्हाई. किंवा डिस्क आहे, पण तिच्यावर सिस्टीम न्हाई. घाबरू नका. ऑप्शन, कमांड आणि आर दाबून चालू करा. इंटरनेटवरून रिकव्हरी येईल."

यांच्या मोबाइलचं नेट दिलं. पडद्यावर पृथ्वीचा गोळा फिरायला लागला. तो इतका वेळ फिरला की आबांनी चाचांना त्यात आपला जिल्हा शोधायला लावला. शेवटी रिकव्हरीची खिडकी उघडली. दादांनी सांगितलं तशी मी डिस्क युटिलिटी उघडली, आतली डिस्क निवडली आणि फर्स्ट एड चालवलं. डिस्कमध्ये काही बिघाड असेल तर ते तपासून दुरुस्त करतं. हिरवी खूण आली. डिस्क ठणठणीत.

"मंग सिस्टीम परत टाकूनच देऊ ना," हे म्हणाले. त्यांचं बोट माउसकडे गेलंसुद्धा.

"थांबा, भाऊ!" दादा पहिल्यांदाच जागे झाल्यासारखे बोलले. "जल्दी नका करू. ताई, डाव्या बाजूला डिस्क किती दिसतात? खाली रिकव्हरीचं तात्पुरतं काहीतरी दिसंल, ते सोडा."

"मंग एकच."

"एकच? दोन पायजे. आतली डिस्क स्लो होती म्हणून मी तिच्यावर फक्त तुमचं शूटिंग ठेवलंय. सिस्टीम अन् तुमचं एडिटिंगचं काम बाहेरच्या एसएसडीवर आहे. लहानशी काळी डबी. पडद्याच्या पाठीला चिकटवली होती, आठवलं का? वायर हालली असंल. बघा बरं."

मला ते साफ विसरायला झालं होतं. मी मॅकच्या पाठीमागं हात घातला. डबी नव्हती. वायर नव्हती. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा तुकडा तेवढा होता, आणि त्याला माझं बोट चिकटलं.

मी हळूच मागं वळले.

"आबा, मामांना पेनड्राइव्ह कुठून दिलं?"

"तूच म्हणाली होती ना काल, मागं ठेवलंय म्हणून. मागूनच काढलं. लई घट्ट बसवलं होतं बाई. वायरीसकट दिलं मी, उगं त्यांची अडचण नको."

मी म्हटलं होतं ते मागच्या फळीवर. पेनड्राइव्ह तिथंच, गणपतीच्या चित्राच्या लाल पाकिटात निवांत पडलं होतं. माझ्या मॅकची सिस्टीम मात्र एका अनोळखी माणसाच्या खिशात बसून पिंपळगाव रेणुकाईला गेली होती.

मामांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागून इतका गलका येत होता की तिथं दुसरं लग्न लागलंय असं वाटावं.

"हां, ताई! तुम्हालाच फोन करणार होतो. सगळी पाहुणेमंडळी टीव्हीसमोर बसलीत. ते डबी लावली तर टीव्ही काहीतरी इचारून राह्यलाय."

"काय विचारतोय?"

"म्हणतोय, ही डिस्क चालंना, फॉरमॅट करू का. मी म्हटलं इचारतोय तर हो म्हणावं. हो दाबू?"

"न्हाई!" मी इतक्या जोरात ओरडले की चाचांच्या हातातला चहा बशीत आला. "मामा, हात लावू नका! रिमोट खाली ठेवा!"

"अवो, पण बिचारा किती येळचा इचारतोय..."

"विचारू द्या! डबी पुसून जाईल सगळी! तुमच्या भाचीचं लग्न त्यात न्हाईच!"

पलीकडून कुणीतरी बाई म्हणाली, "काय? लग्नच न्हाई म्हणते का ती?" आणि गलका दुपटीनं वाढला.

मामा गडी भला. त्यांनी रिमोट थेट वाणसामानाच्या डब्यात, डाळीत खुपसला म्हणे. टीव्ही बंद करून डबी काढली आणि देवापुढं नेऊन ठेवली. आम्ही खरं पेनड्राइव्ह घेऊन मोटारसायकलवर निघालो. आबा म्हणाले, मीबी येतो, माफी मागतो. त्यांना मधे बसवलं. रस्त्यात त्यांनी प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात केला, आणि त्यांची ओळख धावड्यापासून भोकरदनपर्यंत सगळ्यांशी.

पिंपळगावात डबी लगेच मिळाली. तिला कुणीतरी एक झेंडूचं फूल वाहिलं होतं. पण नुसती डबी घेऊन निघायला त्यांनी दिलं नाही. आधी जेवण. मग बसून व्हिडिओ. मी केलेलाच व्हिडिओ मला तीस पाहुण्यांच्या मधे बसून बघावा लागला. जिलेबीवाल्या आत्या नेमक्या माझ्या शेजारी होत्या.

"मी बोलले ते कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ते... आवाज नीट आला न्हाई."

"मला वाटलंच. ते जनरेटर."

आबांनी माफी काही मागितली नाही. ते मामांसोबत ओट्यावर बसून, टीव्हीनं माणसाला प्रश्न विचारणं हे योग्य की अयोग्य यावर बोलत राहिले. दोघांचं एकमत झालं की अयोग्य.

दुपार कलल्यावर दुकानात परतलो. मॅक बंदच होता. मी वायर जोडली, फूल काढून ठेवलं आणि बटण दाबलं. टण्ण. राखाडी पडदा. आणि मधोमध पुन्हा तोच फोल्डर, तेच प्रश्नचिन्ह.

हे माझ्याकडं बघायला लागले आणि मी डबीकडं. प्रश्नचिन्ह थोडा वेळ लुकलुकलं, मग नाहीसं झालं, आणि सफरचंद आलं. खालची पट्टी हळूहळू भरत गेली.

मी दादांना फोन करून विचारलं, की डबी लावल्यावरही ते का आलं. ते म्हणाले, "तुम्ही चार बटणं दाबून त्याची याददाश्त पुसली ना, ताई. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तेच तो विसरला. आता शोधत शोधत सापडली त्याला. सेटिंगमध्ये स्टार्टअप डिस्कवर जा, ती डबी निवडा, म्हणजे परत शोधत बसणार न्हाई. अन् त्या डबीची एक कॉपी करून ठेवा, बिलकुल विसरू नका."

मी कुलपाच्या चित्रावर दाबून पासवर्ड टाकला, डबी निवडली, मॅक परत चालू केला. या वेळी सरळ सफरचंद. तिन्ही अर्धी लग्नं जिथल्या तिथं होती. जनरेटर गेलेलाच होता.

आमच्या यांनी डबीला नवी टेप लावली, वरून फ्लेक्सची पट्टी, तिच्यावरून आणखी टेप. आबा ते बघत होते.

"एवढं कशाला?" ते म्हणाले. "मी काय आता देतोय का कुणाला?" आणि ते चाचांकडं शिलाईची मशीन बघायला निघून गेले. तिचा पट्टा सारखा निसटायचा, आणि आबांना आता यंत्रांतलं बरंच समजायला लागलं होतं.