बुलडोझरपुढे ताराचंद थूल

बोरगाव मेघेच्या ताराचंद थूलनं कोर्टाबाहेर बसून तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. नोटीस न देता टपऱ्या पाडण्याचा अध्यादेश निघाला आणि एके सकाळी बुलडोझर त्याच्या बायकोच्या, जिजाबाईच्या, चहाटपरीवर आला. ताराचंद पात्यापुढं आडवा झाला आणि सोबत आलेल्या अधिकाऱ्याला म्हणाला,

"साहेब, विधानसभेचं अधिवेशन सुरू होऊन सहा आठवडे काल संपले. तेवढ्यात त्याचं विधेयक मंजूर झालं नाई. तुमचा अध्यादेश मेला."

पाडकामाच्या ठेकेदाराच्या माणसानं दंडुका हाणला. दोन दात तुटले, छाती रक्तानं भिजली. दुसऱ्या फटक्यानं हात मोडला, तरी तो पात्यासमोरून हलला नाही. अधिकाऱ्यानं शेवटी वर फोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"मशीन मागं घ्या."

जिजाबाईनं पदरानं रक्त पुसलं. "आता पाडणार नाईत नं?"

"आता जुनाच कायदा. आधी नोटीस देतीन. मंग आपलं ऐकावं लागन त्याइले."