तीन वाजता जाण्याचा अर्ज

मी भोकरदनच्या तहसील कचेरीत कारकून होतो तेव्हा माझ्याकडे एक काम असं होतं, की ते कुठल्याच कागदावर नोंदलेलं नव्हतं. सकाळी टपाल आलं की मी पेशकारसाहेबांच्या टेबलाला लागून उभा राही आणि मराठी कागद हळू आवाजात वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत, उर्दूत शेरा सांगत, मी तो मराठीत लिही आणि ते खाली सही करत. निजामाच्या हैदराबादेतून निघून आम्ही मुंबई राज्यात जाऊन दुसरा हिवाळा लागला होता. त्यांच्या जागेला आता अव्वल कारकून म्हणायचं होतं, पण आमची जीभ काही वळत नसे. त्यांच्या घरी तेलुगू, शिक्षण सगळं उर्दूत, आणि नोकरीची वीस वर्षं आमच्या भागात. बोलायला मराठी फर्डी. वाचायचा मात्र कंटाळा करतात, असा माझा समज होता, आणि रोज तासभर उभं राहून माझे पाय दुखत म्हणून तो समज रागाचाही होता.

त्या वर्षी मुलगी चौथीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला वैद्याचं काम मिळालं होतं. आठ वाक्यं आणि कापसाची दाढी. आदल्या वर्षी तिच्याकडे पाहुण्यांचं स्वागत करायचं काम होतं. मी येतो म्हणून कबूल केलं होतं आणि ऐनवेळी कचेरीत अडकलो होतो. ती टेबलापुढे आली, मला शोधत राहिली, आणि एक शब्द न बोलता खाली उतरली. हे मला तिच्या बाईंनी सांगितलं. तिने स्वतः कधीच सांगितलं नाही, त्यामुळे ते जास्तच टोचत राहिलं. या वर्षी बाईंनी दया येऊन तिला घेतलं होतं. पुन्हा तसंच झालं तर ती परत कधी उभी राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शाळेत वीज नव्हती, म्हणून गॅदरिंग उजेडातच, दुपारी साडेतीनला. कचेरी साडेपाचपर्यंत. बायकोच्या आजारपणात माझ्या किरकोळ रजा साफ संपल्या होत्या, आणि ती अजून अंथरुणातच होती, म्हणजे जाणारा मी एकटाच. मला रजा नकोच होती. सकाळी आठला येतो, टपालाची नोंद आणि नकला उरकतो आणि तीनला जातो, एवढंच मागायचं होतं. अशी दोन-तीन तासांची मुभा द्यायला तहसीलदारांपर्यंत जावं लागत नसे, ते पेशकारांच्या हातातलं होतं. पूर्वी अशा गोष्टी तोंडी होत. टेबलापाशी उभं राहायचं, हुजूर म्हणायचं, घरची अडचण सांगायची. मला त्याचा वीट आला होता. आता राज्य मराठी, तेव्हा रीतसर मराठीत अर्ज द्यायचा असं मी ठरवलं. चांगला घोटून लिहिला. ‘अर्जदाराच्या कन्येच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन’ वगैरे. खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती.

गॅदरिंगच्या तीन दिवस आधी मी तो टपालाच्या गठ्ठ्यात ठेवला. सगळे कागद वाचून दाखवले आणि माझा तेवढा टेबलावर सोडून जागेवर येऊन बसलो. आपलाच अर्ज आपणच कसा वाचून दाखवायचा? साहेबांनी तो उचलला, उलटा-सुलटा केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, “ठेवलाय. बघतो.” त्यांचा चेहरा पडलेला होता. मी त्याला आढ्यता समजलो. घरी रोज रात्री मुलगी आईच्या उशाशी बसून आठ वाक्यं म्हणायची आणि शेवटी मला विचारायची, “येणार न?” मी हो म्हणायचो. चौथ्या, म्हणजे गॅदरिंगच्या दिवशी मी कुणाला न विचारता आठला कचेरीत गेलो, शिपायाकडून दार उघडून घेतलं आणि तीनच्या आत सगळं काम संपवून बसलो. तीन वाजले. साहेब मान खाली घालून जुन्या उर्दू फेरफारांवर बोट फिरवत होते. परवानगीशिवाय उठायची माझी छाती नव्हती. घरात आजारी माणूस, आणि नोकरी एवढी एकच. मी बसून राहिलो. त्या अर्ध्या तासात मला त्या माणसाचा जितका राग आला तितका उभ्या जन्मात कुणाचा आला नाही.

साडेतीनला मी उठून त्यांच्यापुढे उभा राहिलो. “साहेब, माझ्या अर्जाचं काय केलं?”

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. बाकीचे दोघे कारकून चहाला गेले होते. मग खणातून अर्ज काढला. घडी घालून घालून कडा मऊ पडल्या होत्या. “बदली मागून राह्यले न तुमी?” ते हळूच म्हणाले. “मागच्या महिन्यात दोघं औरंगाबादला गेले, आता तुमी. म्हणून दाबून ठेवला.”

“बदली? त्यात लिहिलंय काय, वाचलं नाही का?”

त्यांनी अर्ज माझ्यापुढे धरला. “मला हे अक्षर लागत न्हाई,” ते म्हणाले. “बिलकुल न्हाई. मराठीच्या परीक्षेचा हुकूम आला तवापासून झोप न्हाई मला. तुमचा अर्ज दुसऱ्या कोणाला दाखवू? तुमी गेले तर एका दिवसात सगळ्यांना कळलं असतं. वाचून दाखवा.”

मी माझाच अर्ज वाचायला लागलो. त्यांनी सवयीने डोळे मिटले. घोटून घोटून लिहिलेली ती वाक्यं संपता संपत नव्हती, आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मंग तोंडानं का न्हाई बोलले? मी पोरीच्या कामाला न्हाई म्हटलो असतो का?” त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. “शेरा लिहा, मंजूर. जल्दी.”

मीच माझ्या अर्जावर मंजूर लिहिलं, त्यांनी उर्दूत सही केली, मी टिपकागद दाबला. चार वाजायला आले होते.

धोतर सावरत मी जवळजवळ पळतच गेलो. शाळेच्या पटांगणात लोक उठायला लागले होते आणि गडी सतरंज्या झटकत होता. वैद्याचं नाटुकलं पहिलंच होतं. बाई मला बघून हसल्या आणि म्हणाल्या की न अडखळता म्हटलं, पाहुण्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग मुलगी आली. अर्धी दाढी अजून हनुवटीला चिकटलेली होती.

“मला उशीर झाला,” मी म्हणालो. “तू मला शोधलंस का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी शोधलं म्हणूनच मी इसरले. औंदा मी ठरवलंच व्हतं, तुमच्याकडं बघायचंच न्हाई.” तिने ती दाढी ओढून काढली, माझ्या हातात दिली आणि मैत्रिणींकडे पळाली.