दुधासारखा झाला की चांगला

भिकू जोशिलकर सौदीत आमच्या अल सुलैच्या कामगार-कॅम्पातला वेल्डर. गुहागरकडचा. निताकातचे, म्हणजे नोकऱ्या आधी सौदींना द्यायच्या या कायद्याचे दिवस होते, कंपनीने निम्म्या लोकांना एक्झिट लावली, कायमचं घरी जा म्हणून, त्यात हा. आधी आमचा लेबनानी फोरमन गेला. खोलीत चोरून अरक, त्यांच्याकडची बडीशेपेची दारू, पिणारा तोच, आणि ती कशी प्यायची ते भिकूला शिकवणाराही तोच.

भिकू मग आम्हाला शिकवायचा. मला तर पार वीट आला होता. "गुरुनाथ, आधी अरक. मग दुप्पट पाणी. बर्फ सगळ्यात शेवटी. आधी बर्फ टाकलास तर बडीशेपेचं तेल गोठून वर साय धरतं. आणि दर वेळी ग्लास नवा." पांढरं का होतं, तेही सांगायचा: तेल दारूत विरघळलेलं असतं, पाण्यात ते विरघळत नाही, पाणी वाढलं की बारीक बारीक थेंब होऊन बाहेर पडतं, म्हणून दुधासारखं दिसतं. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे मात्र म्हणायचा, "पांढरं झालं की माल शंभर नंबरी."

जायच्या आठवड्यात त्याने कुणा अनोळखी माणसाकडून बाटली आणली. मी म्हटलं, "अरे बाबा, घरी जातोयस ना? कशाला नसता उद्योग?" त्याने पाणी ओतलं. पांढरं झालं. "बघ!" म्हणाला आणि एकटाच प्यायला. मला काविळीपासून दारू चालत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं पोट दुखायला लागलं. मग म्हणाला, "धुकं दिसतंय रे." मी म्हटलं, दवाखान्यात चल. नको म्हणाला, दारू कळली तर तुरुंग. संध्याकाळी भिंत धरून चालायला लागला, तेव्हा मी त्याला उचलूनच नेलं. मला राग आला होता. त्याचा, बाटलीचा, सगळ्याचाच.

डॉक्टर केरळचा. हिंदीत म्हणाला, पांढरं झालं म्हणजे आत बडीशेपेचं तेल आहे, एवढंच. विषारी स्पिरिटात तेच तेल घातलं तरी तसंच पांढरं होतं. डोळ्यांनी, नाकाने, जिभेने ते ओळखता येत नाही. लवकर आणलं असतं तर औषध होतं. आता जीव वाचेल, नजरेचं सांगता येत नाही.

जीव वाचला, नजर नाही. तुरुंग नाही झाला, कंपनीनेच गुपचूप विमानात बसवायचं ठरवलं. भिकू रडला नाही. मीही नाही. मला काही वाटतच नव्हतं, नुसती त्याची बॅग भरत होतो.

निघताना शेवंताला, त्याच्या बायकोला, फोन लावून दिला. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. ती हसत होती, मला पलंगावरूनही ऐकू येत होतं. "विमानतळावर पोरीला घेऊन येते. ती तुम्हाला ओळखायची नाही हो, तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती. पण तुम्ही ओळखाल ना तिला?"

भिकू म्हणाला, "हो. ओळखेन की."