प्रल्हादभाऊंच्या थंबनेलची जाड किनार

आमच्या बूढापारा मोहल्ल्यातली ऋता प्रल्हादभाऊंच्या रेसिपी चॅनलची एडिटर आहे. परवा व्हिडिओच्या दर्शनी चित्राबद्दल, म्हणजे थंबनेलबद्दल, भाऊंचा मेसेज आला, "थंबनेल फोनवर वाचताच येऊन नाही राहिलं. पांढऱ्या भातावर पिवळी अक्षरं काहून टाकली? मागचा रंग गडद कर, अक्षरांना जाड काळी किनार दे."

पिवळा रंग भाऊंनीच मागितला होता, पण मालकाला आठवण कोण करून देणार!

ऋतानं मागे गडद मरून रंग घेतला, पांढरी मोठी अक्षरं टाकली, किनार दिली आणि थंबनेल नखाएवढं करून पाहिलं. सगळं स्वच्छ दिसलं. फक्त भाऊंचा हसरा फोटो अक्षरांच्या आड येत होता, तो तिनं काढून टाकला.

व्ह्यूज दुप्पट झाले. भाऊ गल्लीभर सांगत फिरतात, "सारी कमाल किनारीची!" आपण थंबनेलमध्ये नाही, हे त्यांना फोनवर अजून दिसलेलं नाही.