बाईंची दुसरी तार

पेढीवर जन्म गेला की किस्से अंगाला खडूसारखे चिकटतात. झटकले तरी जात नाहीत! मी तिसरी नापास, पण आकडे येतात. जळगावच्या एका शेअर दलालाच्या पेढीवर मुंबईहून तारेने आलेले भाव फळ्यावर लिहायचं, एवढंच माझं काम. स्वराज्य नुकतंच आलं होतं. धुळ्याच्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई भाचीकडे राहायला आल्या. सगळा प्रॉव्हिडंट फंड त्यांनी एकाच गिरणीच्या पन्नास शेअर्सात घातला. एकशेबाराचा भाव. मागे दुसरं काही नाही.

*

दोन महिने रोज एकच. "दगडूभाऊ, माझा शेअरचा कागद?"

"बाई, कंपनीकडे तुमच्या नावावर चढायला गेलाय."

"पेपर तपासायला मीसुद्धा इतके दिवस लावत नव्हते!"

*

एका सकाळी मी एकशेबारा पुसून एकशेचार लिहिले. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

शेठजी हसले. "बाई, डिव्हिडंड शेअरमागे आठ रुपये. कंपनीचं रजिस्टर बंद होतंय. आजपासून घेणाऱ्याला तो मिळायचा नाही, म्हणून भाव तेवढा उतरला. तुमचे आठ तुम्हाला पोस्टाने येतील."

आलेही. पण बाईंची झोप काही परत आली नाही.

*

पुढे गिरणीत संप होणार अशी आवई उठली. शंभर, नव्वद, अठ्ठ्याऐंशी! पेढीत मर्तिकाला आल्यासारखी माणसं बसायची.

त्यात एक सुटीचा दिवस. तार नाही, भाव नाही. फळा मी आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसलेला. विसरलेली काठी आणायला गेलो, तर बाई बाकावर. नजर फळ्यावर.

"बाई, आज बाजार बंद!"

"मग हा आकडा उतरतोय कसा?"

फळा कोरा होता. काठी तिथेच टाकून मी पळालो. धरणगावच्या एका कापूसवाल्याला सांगितलं, तर म्हणे, "दगडूभाऊ, बठ्ठा बाजारच भूत शे!" म्हणजे सगळा बाजारच.

*

वर्ष भरलं तेव्हा भाव एकशेअठरा. बाई फळ्याकडे पाठ करून विणत बसायच्या. मी ओरडून भाव सांगितला तर म्हणायच्या, "टाके चुकतात हो!" पण ही शांती आली कुठून, ते ऐका.

*

भाव अठ्ठ्याहत्तरला आला त्या दिवशी बाई म्हणाल्या, "विका. सगळे विका."

शेठजी म्हणाले, "संपाची नुसती आवई आहे. गिरणी चालू आहे. धीर धरा."

"धीर पोरांना शिकवला. मला नाही येत."

इंग्रजी त्यांचंच चांगलं, म्हणून मुंबईच्या दलालाला विक्रीची तार त्यांनीच लिहिली. मी तो फॉर्म तार ऑफिसात देऊन आलो. बाई बाकावरच होत्या. शेठजींसमोर, दिवसभर. पाण्यालासुद्धा उठल्या नाहीत.

संध्याकाळी मुंबईचं उत्तर आलं. "दुसरी तार मिळाली. विक्री थांबवली."

दुसरी कोणी केली? शेठजी, बाई आणि मी, तिघं तार ऑफिसात गेलो. तारमास्तर ओळखीचा. त्याने दुसऱ्या तारेचा फॉर्म काढून दाखवला. खाली बाईंची सही.

"कोणी दिला हो हा?" शेठजींनी विचारलं.

मास्तर बाईंकडे बघतच राहिला. "तुमच्यासारखीच एक. पण पोरसवदा. बोटाला शाई लागलेली. तुमची लेक का?"

बाईंचं लग्नच झालेलं नव्हतं.

त्यांनी फॉर्म उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग हळूच म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे. पण हे वळण मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हाचं."